मेंदूचा स्कॅन आणि मुलगी बघणं

"मेंदूच्या स्कॅनने सिद्ध! सुंदर चेहरा पाहिला की पुरुषाच्या मेंदूत कोकेनइतकी नशा तयार होते. गोऱ्या, रेखीव चेहऱ्यालाच मेंदू बक्षीस देतो, हे निसर्गानेच ठरवलंय. पहिल्या सेकंदात मेंदू पेटला नाही तर त्या स्थळाला नाही म्हणा. मुलगे असलेल्या घरांना पाठवा."

हा मेसेज बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर फिरला. खानापूरला वहिनींनी तो माझ्या भाचीला मोठ्यानं वाचून दाखवला. निपाणीहून बघायला आलेल्यांचा नकार आला त्याच आठवड्यात. मी बेळगावात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मी गेले तेव्हा पोरीनं विचारलं, "आत्या, हे स्कॅनमध्ये खरंच दिसतं?" म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी मेसेज पुढे पाठवला त्यांनी निदान शेवटपर्यंत वाचावं.

एवढं मान्य करते की मेसेजच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. 2001 साली 'न्यूरॉन' ह्या नियतकालिकात इत्झाक आहारोन, नॅन्सी एटकॉफ, हान्स ब्राइटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. देखणे चेहरे बघताना न्यूक्लियस अक्युम्बन्स हा मेंदूच्या आतला छोटा भाग जास्त काम करतो, असं त्यात दिसलं. ब्राइटर यांनी त्याआधी, 1997 मध्ये, कोकेन घेतलेल्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन केले होते आणि त्यातही हाच भाग आला होता. नशेची गोष्ट इथून निघाली असावी.

पण हा भाग कोकेनसाठी राखून ठेवलेला नाही. पैसे मिळण्याची आशा असली किंवा जिभेवर गोड रसाचा घोट पडला, तरी तो प्रतिसाद देतो. 'ही गोष्ट मिळवण्यासाठी हात हलवावा का' हा हिशेब करण्यात त्याचा वाटा असतो. कोकेन हे डोपामिन ह्या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची परत शोषून घेण्याची वाट रासायनिकरीत्या अडवतं, चेहरा तसं काही करत नाही. शिवाय ह्या अभ्यासांत स्कॅनसाठी वापरलेलं एमआरआय यंत्र डोपामिन मोजतच नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनमुळे होणारा बदल मोजतं, आणि तो बदल साधारण टक्काभर किंवा त्याहूनही कमी असतो. लाल-पिवळे ठिपके म्हणजे मेंदू 'पेटलेला' नसतो. दोन प्रकारचे फोटो बघतानाच्या मोजमापांत कुठे खात्रीलायक फरक आहे, ते दाखवण्यासाठी संगणकानं भरलेला तो रंग आहे.

आता त्या निबंधात नेमकं काय केलं होतं ते बघा, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं तो वाचलेला नाही. भाग घेणारे सगळे तरुण पुरुष होते, स्त्रियांकडे आकर्षित होणारे. फोटो चार प्रकारचे होते: देखण्या बायका, साधारण बायका, देखणे पुरुष, साधारण पुरुष. एका गटानं चेहरा किती देखणा आहे ह्याचे फक्त गुण दिले. दुसऱ्या गटासमोर फोटो आपोआप 8 सेकंद राहायचा. जास्त वेळ बघायचा असेल तर दोन कळा आलटून पालटून दाबत राहायचं, लवकर घालवायचा असेल तर दुसऱ्या दोन. म्हणजे बघण्यासाठी बोटांना कष्ट. तिसऱ्या गटाला स्कॅनरमध्ये झोपवून नुसते फोटो दाखवले.

गुण देताना ह्या पुरुषांनी देखण्या पुरुषांनाही देखणंच म्हटलं. पण कळा दाबायची वेळ आली तेव्हा जास्त वेळ बघण्यासाठी कष्ट घेतले ते फक्त देखण्या बायकांच्या फोटोंसाठी. आणि न्यूक्लियस अक्युम्बन्स जिच्यात येतो ती मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा बोटांच्या बाजूनं गेली, गुणांच्या नाही. लेखकांचा निष्कर्षच असा आहे की सौंदर्याची पारख करणं हे ह्या यंत्रणेचं काम दिसत नाही. समोरचा चेहरा ह्या माणसाला, ह्या घडीला किती हवासा आहे, हे ती दाखवते. रूप तेवढंच असूनही प्रतिसाद वेगळा आला, तर 'सुंदर चेहऱ्याला मेंदू बक्षीस देतो' हे वाक्यच चुकलं. बघणारा बदलला की बक्षीस बदलतं. क्रांझ आणि इशाय यांनी 2006 मध्ये पुढची पायरी दाखवली: समलिंगी पुरुष आणि पुरुषांकडे आकर्षित होणाऱ्या बायका, दोघांच्याही मेंदूचा प्रतिसाद पुरुषांच्या चेहऱ्यांना जास्त होता.

गोरेपणाबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. वरच्या निबंधात रंगाचा प्रश्न विचारलेलाच नव्हता. गोरा विरुद्ध सावळा अशी तुलनाच नाही, तर उत्तर कुठून येणार? तो शब्द मेसेज लिहिणाऱ्यानं आपल्या मनानं घुसवला आणि वर विज्ञानाचं नाव चिकटवलं. त्या एका शब्दामुळे माझी भाची आठ दिवस आरशासमोर उभी राहून रडली.

आणि फोटोवरून माणूस नाकारणाऱ्यांनी लंडनमधला क्नुट काम्पे, ख्रिस फ्रिथ, रे डोलन आणि उटा फ्रिथ यांचा 'नेचर'मधला अभ्यास बघावा, तोही 2001 चाच. चेहऱ्याची नजर थेट बघणाऱ्याकडे असेल, तर चेहरा जितका आवडता तितका, न्यूक्लियस अक्युम्बन्स ज्यात येतो त्या मेंदूच्या भागातला प्रतिसाद वाढला. नजर दुसरीकडे वळलेली असेल तर उलट झालं, चेहरा जितका आवडता तितका प्रतिसाद घटला. नाक तेच, रंग तोच, फक्त बुबुळं हलली. समोरचं माणूस आपली दखल घेतंय का, हे त्या हिशेबात धरलेलं असतं. ओ'डोहर्टी यांच्या गटानं 2003 मध्ये दाखवलं की चेहरा हसरा असला की डोळ्यांच्या मागे-वर असलेल्या मेंदूच्या भागातला प्रतिसाद आणखी वाढतो. चार अनोळखी माणसांसमोर पोह्यांची बशी धरून, खाली बघत बसलेल्या मुलीचा चेहरा 'मोजायला' निघालेल्यांनी हे दोन अभ्यास आधी वाचावेत.

पहिल्या सेकंदाचं सांगायचं तर अर्धं खरं आहे. विलिस आणि टोडोरोव्ह यांच्या 2006 च्या प्रयोगात चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोकांनी आकर्षकपणाबद्दल मत बनवलं. पण ते कळलं उत्तरांवरून, स्कॅनवरून नाही. एमआरआयमधला रक्ताचा प्रतिसाद टोकाला पोचायलाच 5-6 सेकंद घेतो. शिवाय ह्या अभ्यासांतले निष्कर्ष अनेक फोटोंच्या आणि अनेक माणसांच्या सरासरीवर उभे आहेत. एका मुलानं एका मुलीला एकदा पाहिलं, त्यावरून काहीही सांगता येत नाही. आणि फोटो बघणाऱ्यांचं पुढे कुणाशी पटलं का, हे ह्यातल्या कुणी तपासलेलंच नाही.

पुरुषाच्याच मेंदूत असं होतं, हेही चूक. 2008 मध्ये क्लुटिए यांच्या गटाला न्यूक्लियस अक्युम्बन्सचा प्रतिसाद बायकांतही मिळाला.

वहिनी, मेसेज आल्यावर तुम्ही खानापूरच्या दुकानातून आणलेली ती गोरेपणाची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, रोज चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते. पुढचा थर लावण्याआधी मला फोन करा, त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जाते पोरीला.