चुकीच्या पर्यायालाही स्पष्टीकरण हवंच

> "बरोबर उत्तर कोणतं ते दाखवलं की काम झालं. चारही पर्यायांची स्पष्टीकरणं कुणी वाचत नाही. शिवाय चुकीच्या पर्यायांची चर्चा केली की मुलांच्या डोक्यात चूकच पक्की बसते. आणि शिक्षकाचा वेळ जातो तो वेगळाच."

बहुपर्यायी चाचण्यांबद्दलचा हा आक्षेप. त्यातल्या पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. हा प्रश्न घ्या: *एक संख्या 20 टक्क्यांनी वाढवली. आलेली संख्या 20 टक्क्यांनी कमी केली. शेवटची संख्या मूळ संख्येच्या तुलनेत कशी असेल?* पर्याय चार: तेवढीच, 4% कमी, 4% जास्त, मूळ संख्या कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

बरोबर उत्तर "4% कमी". चुकलेल्या तिघांना एवढंच दाखवलं तर काय होतं? "तेवढीच" निवडणाऱ्याच्या मनात 20 वाढले, 20 गेले, हिशेब संपला. दोन्ही वेळचे 20% वेगवेगळ्या संख्यांचे आहेत, हे त्याच्या लक्षातच आलेलं नाही. "4% जास्त" निवडणाऱ्याने 20% चे 20% बरोबर काढले, पण फरक कोणत्या बाजूला पडतो ते तपासलं नाही. चौथा पर्याय निवडणाऱ्याला टक्केवारी हे गुणोत्तर आहे हेच नीट उमगलेलं नाही. चुका तीन, कारणं तीन, आणि तिघांच्या हाती मात्र एकच ओळ. पुढच्या चाचणीत 20 च्या जागी 30 टाका. पहिला पुन्हा "तेवढीच" म्हणेल, किंवा पाठ केलेलं "4% कमी" लिहील. खरं उत्तर 9% कमी आहे.

बटलर, गोडबोले आणि मार्श या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच फरक दिसला. तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा नुसतं बरोबर उत्तर मिळालेले आणि स्पष्टीकरण मिळालेले विद्यार्थी सारखेच ठरले. तीच कल्पना नव्या प्रश्नात वापरायची वेळ आली तेव्हा स्पष्टीकरणवाले पुढे गेले. ते प्रयोग पर्यायनिहाय स्पष्टीकरणाचे नव्हते, हे खरं. पण नुसतं उत्तर कुठे अपुरं पडतं ते त्यातून स्पष्ट होतं.

आता त्या तीन चुकांसाठी काय लिहायचं ते पाहा.

"तेवढीच" साठी: *वाढ मूळ संख्येच्या 20% आहे, घट मात्र वाढलेल्या संख्येच्या 20%. मूळ संख्या 100 धरा आणि दोन्ही रकाने लिहून पाहा: किती मिळवले, किती वजा केले?*

"4% जास्त" साठी: *फरक 4% चाच आहे, दिशा तपासा. 100 मध्ये 20 मिळवले आणि 120 चे 20% वजा केले. यातलं मोठं कोणतं?*

चौथ्यासाठी: *50 आणि 200 या दोन्ही संख्यांवर हे करून पाहा. आलेली प्रत्येक संख्या आपल्या मूळ संख्येच्या किती टक्के आहे?* (48 आणि 192 येतात, दोन्ही 96%.)

बरोबर पर्यायालाही दोन ओळी हव्यातच. चारातून एक डोळे मिटून निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता 25% असते, आणि अंदाजाने लागलेलं उत्तर गुणपत्रकात ओळखू येत नाही. तिथे लिहायचं: *1.2 × 0.8 = 0.96, म्हणून 4% कमी. आधी घट आणि मग वाढ केली तरी गुणाकार तोच.*

राहिला वाचण्याचा मुद्दा. विद्यार्थ्यापुढे चारही स्पष्टीकरणं एकदम ठेवायचीच नसतात. मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीत प्रत्येक पर्यायाखाली Feedback ची चौकट असते आणि विद्यार्थ्याला फक्त त्याने निवडलेल्या पर्यायाचा मजकूर दिसतो, म्हणजे दोन-तीन वाक्यं. त्यासाठी चाचणीच्या Review options मध्ये Specific feedback वर खूण असावी लागते. ती राहून गेली तर लिहिलेलं कुणालाच दिसत नाही, आणि मग "मुलं वाचतच नाहीत" असा निष्कर्ष निघतो. दुसरा प्रयत्न द्यायचा असेल तर चाचणी उघडी असेपर्यंत Right answer वरची खूण काढा. उत्तर समोर दिसत असताना वरचे प्रश्न कोण सोडवेल?

गूगल फॉर्म्सची अडचण मात्र खरी आहे. तिथे बहुपर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तरासाठी एक आणि चुकीच्या उत्तरांसाठी एक, अशा दोनच चौकटी मिळतात. तीनही चुका एकाच चौकटीत कोंबल्या की मजकूर लांबतो आणि खरोखरच वाचला जात नाही. तिथे सर्वाधिक निवडल्या जाणाऱ्या चुकीचंच स्पष्टीकरण लिहावं. ती कोणती, हे पहिल्या तुकडीच्या उत्तरांच्या आलेखात दिसतं.

चूक पक्की बसण्याची भीती निराधार नाही. रोडिगर आणि मार्श यांनी 2005 मध्ये दाखवलं की बहुपर्यायी चाचणी दिल्यावर काही विद्यार्थी नंतर त्यातलेच चुकीचे पर्याय उत्तर म्हणून लिहितात. पण त्या प्रयोगात चाचणीनंतर उत्तरं सांगितलेली नव्हती. बटलर आणि रोडिगर यांनी 2008 मध्ये अभिप्राय देऊन पाहिला, तेव्हा हा परिणाम कमी झाला. चुकीचा पर्याय विद्यार्थ्याने प्रश्नात वाचलेलाच असतो. त्याबद्दल गप्प राहिल्याने तो पुसला जात नाही. काळजी घ्यायची ती मांडणीत: चुकीचं विधान ठामपणे पुन्हा लिहू नका, त्यातली नेमकी तुटलेली पायरी दाखवा.

शिक्षकाच्या वेळेबद्दल. स्पष्टीकरणं शेवटी एकगठ्ठा लिहायला बसलात तर वेळ जातोच, कारण हा पर्याय आपण का घातला होता तेच आठवत नाही. पर्याय लिहितानाच त्यामागची चूक एका ओळीत नोंदवा. स्पष्टीकरण त्याच ओळीतून तयार होतं. एखाद्या पर्यायाला "हे चूक आहे" यापलीकडे काही सुचत नसेल, तर तो भरतीचा पर्याय आहे. काढून टाका. तीन पर्यायांचा प्रश्न कमी दर्जाचा ठरत नाही. सनावळी किंवा राजधान्या अशा निव्वळ स्मरणाच्या प्रश्नांत मात्र बरोबर उत्तर आणि एक ओळ पुरते. तिथे चारही पर्याय समजावत बसू नये.

प्रश्न मजकूर फाइलमधून मूडलमध्ये चढवायचे असतील तर GIFT स्वरूपात # नंतर त्या पर्यायाचं स्पष्टीकरण येतं:

```
::टक्के-20:: एक संख्या 20% वाढवली, आलेली संख्या 20% कमी केली. शेवटची संख्या मूळ संख्येच्या तुलनेत कशी असेल? {
~तेवढीच # घट वाढलेल्या संख्येच्या 20% आहे. 100 धरून पाहा.
=4% कमी # 1.2 × 0.8 \= 0.96
~4% जास्त # दिशा तपासा: 20 मोठे की 120 चे 20%?
~मूळ संख्या कळल्याशिवाय सांगता येणार नाही # 50 आणि 200 वर करून पाहा.
}
```

गणिताच्या स्पष्टीकरणात = येतोच, आणि त्याआधी \ टाकायला विसरलं की मूडल तिथून नवा बरोबर पर्याय सुरू झाला असं समजतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे "पर्याय ब चूक आहे" असं लिहिणं. पर्यायांचा क्रम बदलण्याची सोय चालू असेल तर प्रत्येकाच्या पडद्यावर ब वेगळा असतो. म्हणून अक्षर लिहू नका, पर्यायातला मजकूरच लिहा.