आत्याचं घर हिरव्यात आलंय म्हणे

"पंचगंगा ६० फुटांवर गेली तर कोणाची घरं बुडणार? सॅटेलाइटचा ३० मीटर डीईएम घेतला, नदीची पातळी ५३५ मीटर धरली, त्यावर ६० फूट पाणी चढवलं. कोल्हापूर ते नरसोबाची वाडी एकूण २३,४१८ घरं बाधित. निळ्यात असाल तर सामान हलवा, हिरव्यात असाल तर निर्धास्त राहा. जास्तीत जास्त शेअर करा."

हा फॉरवर्ड निळ्या-हिरव्या नकाशासकट मला चार ग्रुपवर आला तेव्हा मी गप्प होतो. पण काल शाहूपुरीतून आत्याचा फोन आला. "आरं, आपलं घर हिरव्यात आलंय की नकाशात! यंदा फ्रीज माळ्यावर चढवायला पोरांना बोलवत न्हाई." २०१९ला तिच्या घरात पाणी होतं, २०२१ला होतं, भिंतीवर दोन्ही वेळच्या खुणा अजून आहेत आणि तरी तिला फोनमधला हिरवा रंग जास्त खरा वाटतोय. मग मात्र लिहायला बसलो.

सुरुवात त्या हिरव्यापासूनच करतो कारण सगळ्यात घातक तेच आहे. निळ्यातल्या माणसाने उगाच सामान हलवलं तर पाठ दुखेल, हिरव्यातला माणूस निर्धास्त झोपला तर काय होईल ते शाहूपुरीला, दुधाळीला, सुतारवाड्याला सांगायची गरज नाही.

डीईएम म्हणजे उंचीचा नकाशा, त्यातल्या प्रत्येक चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, उंचीचा एक आकडा असतो. आत्याच्या घराचा पिक्सेल मी उघडून बघितला, ५५५ मीटर दाखवतो. आता हिशोब करू. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर, म्हणजे गेजवर मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून ५४२.०७ मीटर आणि धोका पातळी ४३ फूट म्हणजे ५४३.२९, हे पाटबंधारेच्या रोजच्या पत्रकात फूट आणि मीटर दोन्हीत असतं. त्यावरून उलटं मोजलं तर गेजचं शून्य ५३०.१८ मीटरवर येतं. २०२१ला पाणी ५६ फूट ३ इंचांवर गेलं तेव्हा आत्याच्या उंबऱ्यावर दीड फूट पाणी होतं, म्हणजे उंबरा साधारण ५४ फूट ९ इंचांच्या लेव्हलला, मीटरमध्ये ५४६.८७. शाहूपुरी गेजपासून थोडी वरच्या अंगाला आहे, तर फूटभर इकडेतिकडे धरा. पण डीईएम म्हणतो ५५५! आठ मीटर वर! आत्या काय पतंगावर राहते का?

तर नाही, आत्या तिथेच आहे, डीईएमला जमीन दिसलेलीच नाही. हे जे फुकट मिळणारे ३० मीटरचे डीईएम आहेत, एसआरटीएम काय किंवा कोपर्निकस काय, ते रडारने वरून मोजलेले आहेत आणि रडारला जे आधी लागतं तेच त्यात येतं, म्हणजे झाडाचा शेंडा, उसाचा फड, अपार्टमेंटची गच्ची. एक पिक्सेल ३० बाय ३० मीटर, म्हणजे जवळजवळ पाव एकर, त्यात आत्याचं कौलारू घर, पुढची चार मजली इमारत, मागची चार मजली इमारत, मध्ये बोळ आणि एक आंब्याचं झाड, या सगळ्यांचा मिळून एक आकडा. त्यामुळे गावात जिथे घरं दाट तिथे जमीन आपोआप उंच दिसते आणि हिरवी होते. म्हणजे ज्या घरांसाठी नकाशा काढला त्याच घरांनी नकाशा बिघडवला. उघड्या माळावर हाच डीईएम बरा चालतो, पण माळावर घरं मोजायची नसतात ना.

इमारती आणि झाडं वजा करून काढलेली आवृत्तीही फुकट मिळते, फॅबडेम म्हणून, कोपर्निकसवरूनच केलेली आहे. ती घेतली असती तरी थोडं बरं झालं असतं. पण ते वजा करणंसुद्धा अंदाजानेच केलेलं आहे, उंबऱ्याची लेव्हल त्यातून मिळणार नाही.

आता ते "नदीची पातळी ५३५ धरली, त्यावर ६० फूट चढवलं". हे वाचून मला खरंच हसू आलं. गेजचे ६० फूट हे गेजच्या शून्यापासून मोजतात, वाहत्या पाण्यावरून नाही! डीईएममध्ये नदीच्या जागी जो आकडा असतो तो नदीच्या तळाचा नसतो, त्या दिवशी जे पाणी होतं त्याचा, आणि काठची झाडं मिसळली असतील तर त्यांचाही असतो. एसआरटीएमचं उड्डाण फेब्रुवारी २०००चं, आणि फेब्रुवारीत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे घालून पाणी अडवलेलं असतं हे शेंबड्या पोराला माहीत आहे. फॉरवर्डवाल्या साहेबांनी धरलेले ५३५ म्हणजे गेजवर आधीच पावणेसोळा फूट. त्यावर ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर चढवले, पाणी गेलं ५५३.२९ वर. खरे ६० फूट ५४८.४७ ला येतात. म्हणजे यांनी ६० फुटांचा नाही, जवळजवळ ७६ फुटांचा पूर काढलाय, आणि ७६ फुटांतसुद्धा आत्या कोरडी! दोन चुका विरुद्ध दिशेला गेल्या म्हणून नकाशा बघायला बरा दिसतो एवढंच.

जाता जाता, मोबाइलवर उंची बघून "माझं घर इतक्या मीटरवर आहे" म्हणणाऱ्यांनी थांबावं. बऱ्याच ॲपमध्ये जीपीएसची कच्ची उंची दिसते, ती समुद्रसपाटीपासूनची नसते, आपल्याकडे दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो.

"कोल्हापूर ते नरसोबाची वाडी" एकच पातळी लावलीय त्याबद्दल थोडक्यात सांगतो. नदी उताराने वाहते आणि पुरातही पाण्याचा पृष्ठभाग उताराचाच असतो. राजाराम बंधाऱ्याची लेव्हल खाली वाडीपर्यंत सपाट ओढत नेली तर शिरोळ तालुका कायच्या काय खोल बुडलेला दिसणार, आणि तीच वर चिखली-आंबेवाडीकडे नेली तर तिथे खऱ्यापेक्षा कमी पाणी दिसणार. २०१९ला चिखलीकरांना बोटीतून काढलं होतं, त्यांना कोणी हा नकाशा दाखवू नका. २३,४१८ मधली किती घरं या एकाच कारणाने आत आली ते त्यांनी तालुकावार आकडे दिले असते तर लगेच कळलं असतं, पण दिलेले नाहीत.

आणि पद्धत बघा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये बहुतेक हे टाकलंय:

```
"dem@1" <= 553.29
```

याचा अर्थ एवढाच की या आकड्याखालचा प्रत्येक पिक्सेल निळा, मग पाणी तिथे पोचायला वाट असो की नसो. विहीर, खाण, बांधापलीकडची सखल पट्टी, सगळं निळं. निदान नदीपासून सलग पसरेल तेवढंच पाणी धरायचं तर ग्रास नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
r.lake elevation=dem water_level=548.47 lake=pani seed=nadi
```

यात `nadi` म्हणजे नदीच्या पात्राचे पिक्सेल, तिथून पाणी शेजारी शेजारी सरकत जातं. पण याचीही गोम आहे. जयंती नाला डीईएममध्ये नीट दिसतच नाही, वरून पूल, बाजूला इमारती, आणि कोल्हापुरात नदीचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत येतं ते नाल्यातूनच उलटं येतं. नाला बुजलेला दिसला की कमांड म्हणणार वाट नाही, सगळं कोरडं. म्हणून नाले हाताने कोरून मग ही कमांड चालवायची असते. कोणी केलं असेल? मला तरी शंका आहे.

आता २३,४१८. शेवटचे ते आठ बघा, किती आत्मविश्वास! कोपर्निकसच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की शंभरातले नव्वद बिंदू खऱ्या उंचीच्या ४ मीटरच्या आत असतात, एसआरटीएमचं ठरवलेलं प्रमाण तर १६ मीटरचं होतं. इशारा आणि धोका पातळीत फरक किती? चार फूट, सव्वा मीटर. २०१९ आणि २०२१च्या पुरात फरक किती? आठ इंच. म्हणजे मापाच्या काठीवरची सगळ्यात छोटी खूणच हातभर आहे आणि हे इंचाचं माप सांगतायत. खरं तर पाणी एक मीटर खाली आणि एक मीटर वर धरून तीन वेळा घरं मोजायची, तिन्ही आकडे द्यायचे आणि कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती ते सांगायचं. पण "इतक्या ते तितक्या" असा फॉरवर्ड कोणी पुढे ढकलत नाही.

शिवाय घर म्हणजे काय? यांनी सॅटेलाइट फोटोतून काढलेल्या छपरांच्या आकृत्या मोजल्यात. आत्याच्या बोळात अशा नऊ आकृत्या आहेत, मी एकेक ओळखली. त्यातला एक गोठा, एक बंद पडलेलं गोडाऊन, एक पाण्याच्या टाकीवरचा पत्रा. उलट जुना वाडा एकच आकृती, आत पाच चुली. आणि अपार्टमेंटही एकच, त्यात पार्किंगला पाणी आलं म्हणजे वरची बारा कुटुंबं "बाधित" का नाहीत? लाईट नाही, लिफ्ट नाही, बाहेर पडता येत नाही. शिवाय जोत्याची उंची कोणी धरलेलीच नाही, दोन फुटांचं जोतं असेल तर दारात पाणी असूनही घर कोरडं राहतं.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. पाणी सपाट चढवायची पद्धत अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडचा मोठा पूर डोंगरातल्यासारखा धाडकन येऊन जात नाही, खाली कृष्णेला फुगवटा असला की पंचगंगेचं पाणी दिवसचे दिवस तळ्यासारखं तुंबून राहतं. त्यामुळे गेजच्या आजूबाजूला, किलोमीटर-दोन किलोमीटरच्या आत, सपाट पातळी खऱ्याच्या बरीच जवळ जाते. पण मग खालची जमीन नीट मोजलेली पाहिजे, ड्रोनची नाहीतर लेव्हलिंगची, आणि नकाशा निदान एकदा जुन्या पुराशी ताडून बघायला पाहिजे. २०२१ची पातळी टाका, शाहूपुरी भिजते का बघा. नाही भिजली तर नकाशा चुकला, बास. एवढं एक करून बघितलं असतं तर हा फॉरवर्ड निघालाच नसता.

आत्याला हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. तिला म्हटलं, टेप घे आणि भिंतीवरच्या दोन्ही खुणा उंबऱ्यापासून मोज. २०२१ची अठरा इंच भरली, २०१९ची दहा. गेजवरही दोन वर्षांत आठच इंचांचा फरक होता, ५५ फूट ७ इंच आणि ५६ फूट ३ इंच, म्हणजे खुणा खऱ्या. उंबरा ५४ फूट ९ इंच. मग दारातल्या रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजायला लावलं, पावणेतीन फूट, म्हणजे रस्त्यावर पाणी साधारण ५२ला येणार. तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय: "५० – गाडी बाहेर. ५२ – फ्रीज वर. ५३ – धाकटीकडे जाणे." आणि खाली, माझ्यासाठी, "पोरांना बोलावलंय."