दहा हजारांचं कर्ज आणि हप्त्याची तारीख

«दहा-पंधरा हजारांच्या कर्जाने कुणाचं सिबिल बनत नाही, उगीच हप्ते भरत बसू नका. स्वनिधीचे पैसे सरकारी आहेत, नाही भरले तरी कुणी विचारत नाही. आणि मोठं कर्ज शेवटी ओळखीवर नाहीतर तारणावरच मिळतं. — सर्व गाडीवाल्या बंधूंना पाठवा.»

हा मेसेज मला एका महिन्यात तीन ग्रुपवर आला. माझी अर्धी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली आहे, म्हणून लिहितो.

आधी रकमेचं. सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिचा क्रेडिट रिपोर्ट उघडला की प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन दिसतात. त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला, एवढाच आकडा त्यात असतो. वेळेवर भरला तर 000, महिनाभर थकला तर 030. कर्ज दहा हजारांचं असो की दहा लाखांचं, चौकोन तेवढाच असतो. ज्याने आयुष्यात कर्जच घेतलं नाही त्याचा स्कोअरच नसतो, आणि मॅनेजरच्या दृष्टीने हा माणूस चांगलाही नाही, वाईटही नाही, नुसता अनोळखी. साधारण सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की 300 ते 900 मधला आकडा दिसायला लागतो. एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर धंद्याचा आणि मालकाचा इतिहास एकच, दोन्ही त्याच पॅनवर. म्हणून मेव्हण्याच्या बाईकला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते चुकवले, तर ते तुमच्याही रिपोर्टात येतं.

एक खाचखळगा मात्र खरा आहे. भिशी कितीही इमानदारीने भरा, सावकाराचं व्याज दर सोमवारी द्या, त्याची नोंद कुठेच होत नाही. अनेक छोट्या पतसंस्थाही आपली माहिती सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांकडे पाठवत नाहीत. कर्ज घेण्याआधी सरळ विचारा, «माझे हप्ते सिबिलला जातात का?»

आता सरकारी पैशांचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांना छोटं कर्ज देणारी योजना 1 जून 2020 ला सुरू झाली. लॉकडाऊनचे दिवस होते, म्हणून पुष्कळ गाडीवाल्यांना ते दहा हजार कोरोनाची मदत वाटली. पण पैसे बँकेचे आहेत. सरकार बँकेला हमी देतं, आणि वेळेवर भरणाऱ्याला सात टक्के व्याज परत देतं. हमीचे पैसे बँकेला मिळाले तरी तुमचं देणं फिटत नाही. तीन महिने हप्ता आला नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, पुढे ते बुडीत म्हणून लिहिलं जातं, आणि तो शेरा वर्षानुवर्षं रिपोर्टात राहतो. वसुलीला कुणी येत नाही हे बरेचदा खरं असतं. दहा हजारांसाठी माणूस पाठवणं बँकेला परवडत नाही. विचारणा होते ती चार वर्षांनी, टेम्पोसाठी अर्ज केल्यावर, आणि तेव्हा काउंटरपलीकडचा क्लार्क फक्त स्क्रीन तुमच्याकडे फिरवतो.

असं झालंच असेल तर पूर्ण थकबाकी भरा आणि नो ड्यूजचं पत्र घ्या. «थोडं कमी देऊन मिटवू» असं कुणी म्हणालं तर सांभाळून. त्या खात्यावर सेटल्ड असा शेरा येतो, आणि पुढची बँक त्याचा अर्थ «पूर्ण दिले नाहीत» असाच घेते.

आमच्या बाजारातल्या एका कांदे-बटाटेवाल्या मावशींचं उदाहरण सांगतो, नाव नको. 2021 मध्ये त्यांनी दहा हजार घेतले. बारा टक्के व्याजाने बारा हप्ते, म्हणजे महिना साधारण 888 रुपये. वर्षाचं व्याज सुमारे 660, त्यातलं निम्म्याहून जास्त सबसिडीत परत आलं. खरी अडचण तारखेची होती. हप्ता पाच तारखेला कापला जायचा आणि मावशींचे पैसे गल्ल्यात असायचे, खात्यात नाही. दुसऱ्याच महिन्यात ईसीएस बाउन्स झाला आणि वर दंड बसला. मग त्यांनी दर महिन्याच्या दोन तारखेला हजार रुपये खात्यात टाकायचा नेम केला. पाच तारखेला रविवार आला तरी चिंता नाही.

कर्ज फिटल्यावर पुन्हा एक गंमत. त्या बाउन्सचे शंभर-सव्वाशे रुपये खात्यावर तसेच शिल्लक होते, म्हणून शेवटचा हप्ता भरूनही रिपोर्टात कर्ज चालू आणि थकीत दिसत होतं. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीने पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो काढला म्हणून कळलं. पैसे भरून दुरुस्तीचा अर्ज दिला. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली काढायची असते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मावशींचं काम त्याआधीच झालं.

मग 2022 मध्ये वीस हजार, अठरा हप्त्यांत. 2024 मध्ये पन्नास हजार, छत्तीस हप्त्यांत. ही शिडी योजनेतच आहे. आधीचं फेडलं नाही तर पुढचं मिळतच नाही. (ऑगस्ट 2025 पासून पहिल्या दोन पायऱ्या पंधरा आणि पंचवीस हजारांच्या झाल्यात, आणि दुसरं कर्ज फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं.) मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. पण दोन महिन्यांत सगळं भरून टाकलंत तर दोनच महिन्यांचा इतिहास तयार होतो, एवढं लक्षात ठेवा.

राहिली ओळख आणि तारण. मुद्रा कर्ज विनातारणच असतं. त्यात पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. वीस लाखांपर्यंतचं तरुण प्लस तर फक्त त्यालाच, ज्याने आधीचं तरुण कर्ज फेडलंय. तिथे ओळख लावून काही होत नाही, नोंद लागते.

पण नुसत्या चांगल्या स्कोअरवर मागाल तेवढं मिळेल, असंही मी म्हणणार नाही. मावशींनी मागच्या दिवाळीनंतर किशोरमधून अडीच लाख मागितले, बाजार समितीतून एकदम गाडीभर पोती उचलायला. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. रोजची विक्री चार हजार, वर्षाचे 312 दिवस, म्हणजे साडेबारा लाखांच्या आसपास. छोट्या धंद्याला खेळतं भांडवल देताना बँक ढोबळमानाने वार्षिक उलाढालीच्या वीस टक्के धरते. ते होतात अडीच लाख. मॅनेजरने रिपोर्ट पाहिला, चौकोन सगळे स्वच्छ, एक जुना डाग सोडून. मग बँक स्टेटमेंट मागितलं. खात्यातून फिरलेले पैसे सव्वासहा लाख. बाकी निम्मी विक्री रोख, ती मावशींच्या कनवटीला आणि डोक्यात.

सव्वा लाख मंजूर झाले.

स्कोअरने अर्ज टेबलावर घेतला गेला, रक्कम स्टेटमेंटने ठरवली. घरी येताना मावशी चिडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गाडीवर गेलो तर क्यूआर कोड खांबावरून काढून थेट तराजूच्या तोंडाशी चिकटवलेला, आणि वीसची नोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या सांगत होत्या, «सुट्टे नाहीत बाई, स्कॅन कर.» गल्ला सुट्ट्यांनी भरलेला होता.