पान नंबर ९ कुठाय?

फॉर्म भरायला काही नाही लागत हो, खरी परीक्षा शेवटच्या त्या एका ओळीत असते, 'सर्व कागदपत्रे क्रमाने एकाच PDF मध्ये जोडा, कमाल 5 MB'. आता १४ पानं, फोनवर फोटो काढायचे, जोडायचे, काय अवघड आहे?

फोटो काढताना पंख्याच्या वाऱ्याने पान ९ हललं आणि अक्षरं धुरकट आली, म्हणून ते सगळ्यात शेवटी परत काढलं. झालं, इथूनच सगळं बिनसलं. गॅलरीत सगळे सिलेक्ट करून पीडीएफ केली तर अ‍ॅपने नवा फोटो आधी घेतला, म्हणजे सुरुवातीलाच पान ९, मग १४, १३, १२ असं करत करत अर्ज शेवटी! ते वाचणाऱ्या साहेबांना आधी माझी सही दिसणार आणि मी कोण ते सगळ्यात शेवटी कळणार. उलटं लावून बघितलं तर अर्ज पुढे आला पण ९ जाऊन बसलं १४ च्या मागे, कारण फोन बघतो वेळ, त्याला पानावरचा आकडा थोडाच वाचता येतो.

मग म्हटलं नावंच बदलू, `1.jpg`, `2.jpg` अशी. अ‍ॅपला नावाने क्रम लावायला सांगितलं तर पान १ नंतर थेट १०, ११, १२, १३, १४ आणि मग २! म्हणजे ते अ‍ॅप आकड्याला आकडा समजतच नाही, शब्दकोशासारखं एकेक अक्षर बघत जातं, आणि 10 चं पहिलं अक्षर 1 म्हणून ते 2 च्या आधी. उपाय एवढाच की `01.jpg`, `02.jpg` असा पुढे शून्य लावायचा, हे शाळेत कुणी शिकवलं असतं तर!

क्रम लागला, तर पान ४ आडवं. गॅलरीत सरळ दिसतं बरं का, पण फोन बरेचदा फोटो आहे तसाच ठेवून 'हा फिरवून दाखवा' अशी नुसती चिठ्ठी सोबत ठेवतो, आणि काही अ‍ॅप ती चिठ्ठी वाचतच नाहीत. फोटो एडिटमध्ये उघडून जरासा क्रॉप करून सेव्ह केला की बहुतेक वेळा सरळ होतो.

आणि साइज? एकेक फोटो साडेतीन एमबीचा, म्हणजे जवळजवळ ५० एमबी, मर्यादा ५ ची. झालेली पीडीएफ दाबून बघितली तर शिक्क्याचा निळा डाग झाला, त्यापेक्षा आधी फोटोच लहान करा, लांब बाजू १७५० पिक्सेलच्या आसपास, ए४ ला तेवढं पुरतं, आणि रंगाची गरज नसेल तिथे ग्रेस्केल. मग एकेक पान ३०० केबीच्या आत येतं.

शेवटी अपलोड दाबलं. लाल अक्षरात उत्तर आलं, फाइलच्या नावात स्पेस चालत नाही.