पीपीएम ते मायक्रोग्रॅम: रेणुभार विसरू नका

"माझ्या मीटरवर नायट्रोजन डायऑक्साइड ०.०५ पीपीएम दिसतो. सरकारी मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. मग मी सुरक्षित ना?"

नाही हो, आकडा लहान दिसतो म्हणून फसू नका. पीपीएम म्हणजे दहा लाख भाग हवेत वायूचे किती भाग, तेही आकारमानाने. मायक्रोग्रॅम म्हणजे वजन. त्यामुळे मध्ये त्या वायूचा रेणुभार येतोच. २५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४.४५ लिटर जागा व्यापतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणुभार ४६.

०.०५ × ४६ ÷ २४.४५ = ०.०९४ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

८० ही २४ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे. त्यामुळे मीटरवरचा क्षणिक आकडा तिच्याशी थेट ताडू नका, पण दिवसभर सरासरी एवढीच राहिली तर ती ओलांडली.

बऱ्याच जुन्या पुस्तकांत २२.४ असतं, ते शून्य अंशाचं. ते घेतलंत तर उत्तर १०३ येईल! आणि पीएम २.५ ला हे गणित लावू नका. ते धूलिकण आहेत, त्यांना एकच असा रेणुभार नसतो.