दहावीच्या बॅचचं स्नेहमिलन, आणि न जाण्याची रीत

दिवाळी जवळ आली की 'दहावी बॅच'चे ग्रुप जागे होतात. शाळा दारव्हा तालुक्यातली आणि आपण पुण्यात, असं धरून चालू. कार्यक्रमाची तारीख ग्रुपवर पडते ती जेमतेम तीन आठवडे आधी. रेल्वेचं आरक्षण मात्र ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीच्या बर्थ तोवर संपलेल्या. ट्रॅव्हल्सचं भाडं तर सणात विचारूच नये. तिकीट मिळालं तरी एक रात्र प्रवासात, मग बडनेऱ्याहून नेरमार्गे दारव्हा, तिथून गाव, आणि परत तेच उलटं. पाच-सहा तासांच्या कार्यक्रमासाठी दोन रात्री जातात.

पण अंतर हे अर्धंच कारण असतं. उरलेलं अर्धं म्हणजे फिशपॉन्ड. जेवणानंतर कुणीतरी चिठ्ठ्या काढतो आणि तीस वर्षांपूर्वीचं टोपणनाव माइकवर वाचलं जातं. कुणाला मुर्गा बनवलं होतं, कुणाची चिठ्ठी पकडली होती, कुणाच्या घरची परिस्थिती काय होती, सगळं हसत हसत निघतं. ज्याच्यावर हसतात त्यानंही हसायचं असतं. तो हसला नाही तर 'लय मोठा झाला आता' हे ठरलेलं. अशा ठिकाणी जावंसं न वाटणं यात मला काही गैर दिसत नाही.

नकार फसतो तो कारणामुळे. सोडवता येईल असं कारण दिलं की मित्र ते सोडवतात. वऱ्हाडात तर हमखास. 'तिकीट नाही' म्हणा, उत्तर येईल, "तू फक्त निंग बे, मी बडनेऱ्याले गाडी घेऊन येतो." 'सुट्टी नाही' म्हटलं तर तारीखच रविवारवर नेतील. मग तारीख तुमच्यासाठी बदलली आणि तरी तुम्ही येत नाही, हे आणखी अवघड. घरच्या आजारपणाचं खोटं तर मुळीच नको. गावात तुमचा चुलतभाऊ असतो, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यालाच तब्येत विचारतो.

'पाहतो', 'जमलं तर येतो' हे त्याहून वाईट. आयोजक त्याला होकारच समजतो. त्या आकड्यावर आचाऱ्याला ताटं सांगितली जातात, टी-शर्टचं माप जातं, फ्लेक्सवर फोटो चढतो. रोडगे-वांग्याचा बेत असेल तर पीठही त्याच आकड्यावर. म्हणून नकार द्यायचा तो फ्लेक्स छापायला जाण्याआधी, आणि ग्रुपवर नाही, थेट यादी ठेवणाऱ्याला. ग्रुपवर दिला की वीस जण एकदम समजूत घालायला लागतात.

फोन केला तर दोन मिनिटांत आवरायचा. जीभ घसरते असं वाटत असेल तर लिहून पाठवा:

"भाऊ, यंदा मी येत नाही, पक्कं आहे. ताटात, टी-शर्टात माझं नाव धरू नको. सरांच्या सत्काराचे ५०० टाकले आहेत, ते तेवढ्यालाच लाव. फ्लेक्सवर फोटो नको. तुझी धावपळ दिसते आहे, कार्यक्रम चांगला होऊ दे."

यात कारण नाही, ते मुद्दामच. "काहून?" असं विचारलं तर "जमत नाही रे" एवढंच, आणि दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. दर वेळी नवं कारण दिलं की आधीचं खोटं ठरतं. पैशांचंही तसंच आहे. वर्गणी समजा १५०० असेल आणि ती पूर्ण भरली, तर खजिनदार नाव 'येणारे'मध्ये टाकतो. म्हणून सत्कारापुरतेच पैसे द्या आणि पाठवताना शेऱ्यात 'गुरुजी सत्कार' लिहा. अजिबात नाही दिले तरी चालतं, पण मग सरांना वेगळा फोन करा.

ग्रुप सोडायची घाई नको. व्हॉट्सॲपवर आता ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते हे खरं, पण सोडून गेलेल्यांची यादी ६० दिवस सगळ्यांना पाहता येते. कार्यक्रमाच्या आठवड्यात ते दिसलं की गप्पांना विषय मिळतो. आवाज कायमचा बंद करून ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकावा.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल येतो आणि फोन हातोहात फिरतो. टाळायचं होतं ते सगळं पडद्यावर हजर. म्हणून आदल्या रात्रीच सरांसाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप आयोजकाला पाठवून ठेवा, आणि कॉल आला तर उचलू नका. संध्याकाळी शे-दोनशे फोटो येतील. सरांच्या सत्काराच्या फोटोखाली एक ओळ लिहिली की झालं.

आणि त्या वर्गातला एखादाच खरंच भेटावासा वाटत असेल, तर पुढे पोळ्याला किंवा लग्नाला गावी जाल तेव्हा त्याला आधी फोन करा. एसटी स्टँडवर चहा होतो, आणि तिथं माइक नसतो.