एकाच ड्युरेशनच्या आकड्याबद्दल आलेल्या तक्रारीस उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे): “पोर्टफोलिओचे ड्युरेशन 7.2, म्हणजे दहा वर्षांच्या सरकारी रोख्याइतकीच जोखीम, असे सांगितले होते. जून 2025 मध्ये रेपो दर कमी झाला, दहा वर्षांचे यील्ड जरासेच हलले, तरी माझे मूल्य घसरले. मग तो आकडा कशासाठी छापता?”

स. न. वि. वि.

आपला रोष रास्त आहे. ड्युरेशन म्हणजे यील्ड, अर्थात रोख्यावर मिळणारा वार्षिक परतावा, एक टक्क्याने हलल्यास किंमत उलट दिशेने साधारण किती टक्के हलेल, याचे माप. आकडा चुकीचा नव्हता, पण तो एकटाच छापणे ही आमची चूक होती. आपल्या खात्याचा तपशील इथे देणे योग्य नसल्यामुळे तशाच रचनेचे एक उदाहरण घेतो.

समजा, 50 लाखांपैकी निम्मी रक्कम दोन वर्षांच्या रोख्यात आहे, ज्याचे ड्युरेशन सुमारे 1.9 असते, आणि निम्मी तीस वर्षांच्या रोख्यात, ज्याचे सुमारे 12.5. सरासरी 7.2 येते. दहा वर्षांच्या रोख्याचे ड्युरेशनही जवळपास एवढेच असते, म्हणून दोन्ही गुंतवणुकी सारख्या वाटतात. मात्र ही तुलना सर्व मुदतींची यील्ड एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात हलतील असे गृहीत धरते.

6 जून 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी करून 5.50 टक्के केला, पण त्याच वेळी धोरणाचा पवित्रा ‘तटस्थ’ केला. पुढे आणखी कपातीची आशा मावळल्याने दीर्घ मुदतीची यील्ड चढली आणि कर्व्ह, म्हणजे मुदतीनुसार यील्ड दाखवणारा आलेख, अधिक उभा झाला.

आता आमच्या उदाहरणात दोन वर्षांचे यील्ड 0.40 टक्क्याने उतरले, तीस वर्षांचे तेवढेच चढले आणि दहा वर्षांचे जागेवर राहिले, असे धरू (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत). की रेट ड्युरेशन, म्हणजे एकेका मुदतीच्या यील्डपुरते मोजलेले ड्युरेशन, काढताना कर्व्हवरचा एकच बिंदू किंचित हलवतात, शेजारच्या बिंदूंपर्यंत तो बदल हळूहळू शून्यावर आणतात आणि किंमत पुन्हा मोजतात. इथे दोन वर्षांच्या बिंदूवर 0.95 आणि तीस वर्षांच्या बिंदूवर 6.25 भार येतो. बेरीज तीच 7.2. पहिल्या बिंदूवर 0.38 टक्के नफा, दुसऱ्यावर 2.5 टक्के तोटा, म्हणजे निव्वळ सुमारे 2.1 टक्के, अर्थात एक लाखाहून थोडा अधिक तोटा. किंमत आणि यील्ड यांच्या नात्यातल्या वक्रतेमुळे प्रत्यक्षात तो किंचित कमी भरतो. दहा वर्षांचा रोखा मात्र जागचा हलत नाही.

ही विभागणीही निर्दोष नाही. निवडलेले बिंदू बदलले की आकडे बदलतात, आणि कर्व्ह सममूल्य यील्डचा, म्हणजे दर्शनी किमतीला मिळणाऱ्या रोख्यांच्या यील्डचा, आहे की शून्य-कूपन दरांचा, म्हणजे मधे व्याज न देणाऱ्या रोख्यांच्या दरांचा, यावर कूपनांचा, म्हणजे व्याजाच्या हप्त्यांचा, भार मधल्या बिंदूंवर दिसतो की नाही हे ठरते. त्यामुळे दोन संस्थांचे आकडे तुलनेला घेताना आधी हे विचारावे.

पुढील विवरणपत्रापासून दोन, पाच, दहा आणि तीस वर्षांचा भार वेगवेगळा छापू. आपल्या पोर्टफोलिओची ही विभागणी कार्यालयात आल्यास मी स्वतः दाखवीन.